पहिल्या तासाची चिठ्ठी

मी नोकरी सोडली तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. ते मुलुंडला, मी जोगेश्वरीला. पुढे मी पंखे-मिक्सर दुरुस्तीचे व्हिडिओ टाकायला लागलो, आणि दर शनिवारी अकराला व्हिडिओ पडला की दहा मिनिटांत त्यांची कमेंट हजर. कौतुक नावाला नाही. 'कपॅसिटर आधी डिस्चार्ज कर, मग हात लाव.' मी लिहायचो, 'हो बाबा.' आमचं बोलणं एवढंच, पण होतं.

पहिल्या तासात कमेंटना उत्तरं दिली की व्हिडिओ जास्त चालतो, असं जो तो सांगायचा. मी खवचट, म्हटलं, बघूच. वीस चिठ्ठ्या केल्या. दहांवर 'उत्तर', दहांवर 'गप्प'. व्हिडिओ टाकण्याआधी डोळे मिटून एक उचलायची, म्हणजे चांगल्या व्हिडिओंनाच उत्तरं दिली असं व्हायला नको. 'गप्प' निघाली की रविवार संध्याकाळपर्यंत कुणालाच उत्तर नाही. रविवारी संध्याकाळी कमेंट मोजायच्या, सात दिवसांनी व्ह्यूज, आणि दोन्ही वहीत लिहायचं. बाबांना यातलं काही सांगितलं नाही.

बायको म्हणाली, "अरे, बाबांना तरी दे ना. एका उत्तराने काय वाट लागणारे?"

"मग प्रयोग कसला?" मी खेकसलो.

एकदा लागोपाठ तीन 'गप्प' निघाल्या. चौथ्या शनिवारीही तीच. व्हिडिओ पंख्याच्या बेअरिंगचा होता. बाबांनी लिहिलं, 'आपल्या हॉलचा पंखापण असाच आवाज करतो. येऊन बघशील का?'

नोकरी सोडल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदा घरी बोलावलं होतं. फोन करता आला असता, नियम फक्त कमेंटचा होता. पण आधी त्यांनी करावा, हा माझा जुना माज. रविवारी संध्याकाळी उत्तर लिहायला बसलो, तर कमेंट गायब. त्यांनीच काढून टाकली होती. त्यानंतरच्या एकाही शनिवारी ते आले नाहीत. उरलेल्या चिठ्ठ्या मी तरीही हट्टाने संपवल्या.

शेवटी वही उघडली. व्ह्यूज दोन्हीकडे सारखेच वरखाली. कमेंट मात्र 'उत्तर'वाल्या बाजूला भरपूर. मी खूश झालो.

बायकोने वही ओढली. "यात तुझी उत्तरंपण मोजलीयत. ती काढ ना."

काढली. उरला तो किरकोळ फरक, तोही 'थँक्यू दादा' म्हणायला परत आलेल्यांचा. दहा-दहा व्हिडिओंवरून त्याचं काही ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन मुलुंडला गेलो. आईने दार उघडलं. बाबा हॉलमध्ये पेपर वाचत होते.

"पंखा बघायला आलोय," मी म्हटलं.

"तू कामात होतास," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होईना.

मी वर पाहिलं. नवा पंखा फिरत होता. त्याला आवाजच नव्हता.