अ.र.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, माझी बायको गेली. ती अमरावतीत एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत वरिष्ठ लिपिक होती. नोकरीला बावीस वर्षं पूर्ण झाली होती. निवृत्तीला तेरा बाकी होती.

मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. माणसांपेक्षा पुस्तकांशी माझं जास्त जमतं, असं ती म्हणायची आणि ते खरं होतं. त्यामुळे तेराव्यानंतर तिच्या कार्यालयातून फोन आला तेव्हा काय बोलायचं ते मला सुचेना. फोनवरची मुलगी म्हणाली, "भाऊजी, ताईंचे कागद करून राहिलो आमी. तुमी एकदा येऊन जा."

ही मुलगी तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची. मूळची अकोटकडची. नोकरीला लागली तेव्हा रोज हिच्याकडूनच काम शिकली. आता ती हिच्या खुर्चीत बसली होती. मी गेलो तेव्हा ती उठून उभी राहिली, मग पुन्हा बसली. टेबलावर सेवापुस्तक होतं. पुठ्ठ्यावर नाव माझ्या बायकोचं होतं. आतलं अक्षर मात्र दर काही पानांनी बदलत होतं. स्वतःच्या सेवापुस्तकात स्वतःच्या हाताने काही लिहायचं नाही, अशी तिथली रीत आहे. शंभरेक लोकांच्या रजांचा हिशेब तिने ठेवला. तिचा हिशेब दुसऱ्यांनी ठेवला.

"हे पाहा," मुलगी म्हणाली, "सेवेत असताना माणूस गेला तर शिल्लक अर्जित रजेचे पैसे घरच्यांले भेटतात. जास्तीत जास्त तीनशे दिवसांचे. नैमित्तिक रजा यात धरत नाही, ती वर्षासोबत संपते. अर्धवेतनी रजा कितीबी शिल्लक असो, तिचेही पैसे नाही. फक्त अर्जित."

"किती आहे?"

"एकशे एकोणसत्तर दिसते. पण त्यातले पाच जातात. जानेवारीत सहा महिन्यांचे पंधरा दिवस आगाऊ जमा होतात ना. ताईंचे पूर्ण महिने चारच भरले. एका महिन्याले अडीच, म्हणजे दहा. राहिले एकशे चौसष्ट."

मग तिने दर सांगितला. मूळ वेतन त्रेचाळीस हजार पाचशे. त्यावर सेहेचाळीस टक्के महागाई भत्ता, वीस हजार दहा. घरभाडं आणि प्रवासभत्ता धरायचा नाही. बेरीज त्रेसष्ट हजार पाचशे दहा, भागिले तीस.

"मे तर एकतीसचा असतो," मी म्हणालो.

"फेब्रुवारी असला तरी तीसच, भाऊजी. दिवसाचे दोन हजार एकशे सतरा." मग म्हणाली, "ताईंनीच शिकवलं मले. पहिल्या दिवशी मी सव्वीसनं भागलं होतं. म्हणे, आपण काय कारखान्यात आहो का."

ती हसली, मग खाली पाहू लागली. मी सेवापुस्तक मागितलं. तिथेच बसून वाचीन म्हणालो. तिची काही हरकत नव्हती.

रजा लेख्याचं पान हे ग्रंथालयाच्या नोंदवहीसारखंच असतं: आलं, गेलं, उरलं. मी वरून खाली वाचत गेलो. आठ वर्षांपूर्वीच्या ओळीवर थांबलो. अर्जित रजेच्या रकान्यात एकशे वीस दिवस वजा केले होते. एकशे वीस म्हणजे चार महिने. आठ वर्षांपूर्वी आम्ही अकोल्यात होतो. तेव्हा तिचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. ती साठ दिवस घरी होती; एकसष्टाव्या दिवशी डबा घेऊन कामावर गेली. तो डबा मी भरला होता आणि त्यात मीठ नव्हतं, म्हणून मला तो दिवस पक्का आठवतो.

"ही चार महिने घरी नव्हती," मी म्हणालो.

मुलीने पान पाहिलं. मग मागची पानं उलटून अकोल्याच्या काळातली नोंद काढली. तिथे लेख्यात वजाबाकी नव्हती, फक्त एका ओळीची टीप होती: 'प.र. ६० दि. मंजूर, १२० दि. अ.र. खर्ची.' पुढे आदेशाचा क्रमांक.

तिने ती टीप बोट ठेवून पुन्हा वाचली. मग हळू आवाजात म्हणाली, "परावर्तित रजा. आजारपणात डॉक्टरचा दाखला दिला की पूर्ण पगाराची रजा भेटते, पण ती अर्धवेतनी रजेतून दुप्पट कापतात. साठाले एकशे वीस. म्हणजे हे 'अ.र.' अर्धवेतनी रजा आहे. अर्जित नाही."

"मग अर्जितमध्ये कोणी लिहिलं?"

तिने समोरची आपली वही मिटायला घेतली. पण रकान्यातलं अक्षर आणि समोरच्या वहीतलं अक्षर एकच होतं. मला ते कळलं, आणि मला कळलंय हेही तिला कळलं.

"ताई बदली होऊन आल्या ना, तवा मी नवी होती," ती म्हणाली. "नवीन पान उघडाचं होतं. त्या म्हणाल्या, माझंच पुस्तक घे शिकाले. चुकलं तर माझंच चुकीन, दुसऱ्याचं नुकसान नाही होणार. मोठ्या सायबांनी सही केली. ताईंनी पाहिलंच नाही. म्हणे, आधी बाकीच्यांचं होऊ दे."

मुख्य लिपिक पलीकडून ऐकत होते. ते म्हणाले, "सर, तसं काही सिद्ध नाही. दोन अक्षरांचा काय भरवसा. कोषागारवाले देयक परत पाठवतात अन् पेन्शन पण अडकते मग. एकशे चौसष्ट घ्या अन् मोकळे व्हा."

"मूळ आदेश मिळाला तर?"

"अकोल्यात? आठ वर्षांचा? मिळाला तर आम्हाले काय, आम्ही दुरुस्ती करू. पण बिल पंधरा दिवसांत जाते, तेवढं पाहा."

मला रकमेचा हिशेब येत नव्हता असं नाही. एकशे वीस दिवसांचे अडीच लाख होत होते आणि आमच्या मुलीचं इंजिनिअरिंगचं एक वर्ष बाकी होतं. पण मला जे सहन होईना ते वेगळं होतं. साठ दिवस ती वेदनेत पडून होती. कागद म्हणत होता की त्यासाठी तिने तोवर साठवलेले एकशे वीस दिवस खर्च केले. ते खोटं होतं आणि ते मी तसंच सोडणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी एसटीने अकोल्याला गेलो. तिचं जुनं कार्यालय नव्या इमारतीत हलवलं होतं. अभिलेख कक्षात एक शिपाई होते, निवृत्तीला आलेले. त्यांना ती आठवत होती. "बाई काय, एकदम कडक," ते म्हणाले. "माही एक दिवसाची बिनपगारी लावली होती. हक्कानं."

मी म्हणालो, मला तेव्हाचा हजेरीपट पाहायचा आहे. एकसष्टाव्या दिवशीची सही.

"हजेरीपट कुठून राहीन सायेब. ते केव्हाच गेले. काहून पाहिजे?"

मी सांगितलं. त्यांनी तंबाखू मळणं थांबवलं. "मग हजेरीपटाचं काय घेऊन बसले? आदेशाचा नंबर हाय ना? जावक रजिस्टर राहते. रजिस्टरावरून फाईल भेटते. तुमी तर लायब्ररीवाले, तुमाले सांगाव लागते?"

त्यांचं खरं होतं. मी सही शोधायला आलो होतो, कागद नाही.

जावक रजिस्टरात क्रमांक सापडला. फाईल मात्र सापडेना. इमारत बदलताना गठ्ठे वर्षांप्रमाणे न बांधता कपाटांप्रमाणे बांधले होते. पहिल्या दिवशी आम्ही अकरा गठ्ठे सोडले. मी संध्याकाळच्या बसने परतलो आणि शुक्रवारी पुन्हा गेलो. सोमवारी पुन्हा. मूर्तिजापूरमार्गे जाणाऱ्या बसचा कंडक्टर मला ओळखायला लागला. शिपाई रोज म्हणायचे, "आज नाई भेटत," आणि रोज माझ्याआधी गाठ सोडायला बसायचे.

सोमवारी दुपारी फाईल मिळाली, पाणीपुरवठ्याच्या गठ्ठ्यात. आदेश टंकलेला होता: साठ दिवसांची परावर्तित रजा, त्यापोटी अर्धवेतनी रजा लेख्यातून एकशे वीस दिवस खर्ची टाकावेत. अक्षर न् अक्षर पूर्ण. त्याखाली टाचणीने तिचा अर्ज लावला होता. तिचं अक्षर. शेवटची ओळ अशी: 'कृपया ही रजा माझ्या अर्धवेतनी रजेतून परावर्तित करावी. अर्जित रजा खर्ची टाकू नये, ही विनंती.'

शिपाई वाचून म्हणाले, "सांगूनच गेल्या की बाई." मग उठून बाहेर गेले आणि चहा सांगून आले.

सत्यप्रतीवर सही करायला तिथल्या अधिकाऱ्यांना आणखी दोन दिवस लागले. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. त्यांनी एकदा निरोप पाठवला की टपालाने पाठवू. मी म्हणालो, बसतो.

अमरावतीला सत्यप्रत दिली तेव्हा मुख्य लिपिकांनी ती दोनदा वाचली. नोंद चुकीची कशी झाली याचा खुलासा लागेल, असं म्हणाले. ती मुलगी खुर्चीत ताठ बसली होती. मी अर्ज आधीच लिहून नेला होता. त्यात लिहिलं होतं की 'अ.र.' या संक्षेपामुळे नोंद अर्जित रजेच्या रकान्यात झाली. कोणी केली ते लिहिलं नव्हतं.

"कोणाचं नाव नाही लिहिलं," मुख्य लिपिक म्हणाले.

"पुस्तक शिकायला दिलं होतं," मी म्हणालो. "जिने दिलं तिला त्यात कुठला धोका आहे ते माहीत होतं."

त्यांनी अर्ज फाईलला लावला. फाईल साहेबांकडे गेली.

दुरुस्ती त्या मुलीनेच केली. लाल शाईने एक आडवी रेघ, खाली आदेशाचा क्रमांक, बाजूला साहेबांची लहान सही. एकशे वीस दिवस अर्जित रजेत परत जमा झाले आणि शेजारच्या अर्धवेतनी रकान्यात वजा झाले. अर्जित शिल्लक दोनशे चौऱ्याऐंशी. तिने ते अंकात लिहिलं, अक्षरात लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. आता त्या पानावर कुठेही 'अ.र.' नाही. जिथे जिथे होतं तिथे तिने पूर्ण शब्द लिहिला आहे.

देयक कोषागारातून एकदाही परत आलं नाही. पुढे महागाई भत्ता वाढला, तोही जानेवारीपासून; म्हणजे ती होती त्या दिवसांपासून. तेव्हा दर दोन हजार एकशे पंच्याहत्तर झाला आणि फरकाचं देयक त्या मुलीने मी न मागता पाठवलं. फोनवर म्हणाली, "भाऊजी, दिवसाचे अठ्ठावन्न वाढले. तुमाले वाटन, एवढ्याशासाठी काय. पण दोनशे चौऱ्याऐंशीनं गुणा."

मी गुणलं.

आमच्या मुलीची फी भरून झाली आहे. उरलेली रक्कम तिच्या नावाने बँकेत आहे. अकोल्याच्या आदेशाची एक प्रत माझ्याकडे आहे. अर्ज मूळ फाईलमध्येच राहिला. सेवापुस्तक बंद झालं आहे. त्यात अर्धवेतनी रजेचे दोनशे दहा दिवस शिल्लक आहेत. त्यांचे पैसे होत नाहीत.