दम की दमा

डॉक्टर कल्याण यांच्या जिभेला हाड नव्हतं. टेंभुर्णीच्या शेतकऱ्याचा हा मुलगा शिकून एमडी झाला, मस्तगडच्या एका गल्लीत त्यानं छोटा दवाखाना काढला. हाताला गुण होता म्हणून माणसं यायची आणि औषधाबरोबर बोलणीही खाऊन जायची. कुणी त्याचं वाईट वाटून घेत नसे. एका माणसानं घेतलं, आणि त्याची किंमत भलत्याच बाईला मोजावी लागली.

पिंपळगाव रेणुकाईहून भुजंगनं आपल्या आईला, चतुराबाईंना, जीप करून आणलं होतं. सोबत भावकीतले सात-आठ जण. म्हातारी खोल, भराभर श्वास घेत होती, जीभ कोरडी पडली होती.

"दम लागलाय साहेब," भुजंग म्हणाला. "गावातल्या डॉक्टरनं दमा सांगितला. वाफ दिली, पर उतार न्हाई. मशीनवर टाका जल्दी."

कल्याणनी छाती ऐकली. घरघर नव्हती, शिट्टी नव्हती. त्यांनी मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासायला लावलं. कागद हातात पडला आणि कोडं सुटलं. रक्त आम्ल झालं होतं, पीएच ७.४ च्या जागी ७.०५. फुप्फुसं थकून असं झालं असतं तर कार्बन डायऑक्साइड आत साठून चाळिसाच्या बराच वर गेला असता. इथं तो पंधरा होता. आम्ल मारणारं बायकार्बोनेट चोविसाच्या जागी चार. म्हणजे आम्ल शरीरात दुसरीकडेच तयार होत होतं, आणि बिचारी फुप्फुसं वायू फेकून फेकून ते आवरायला राबत होती. तो दम हा रोग नव्हताच, त्या दमावरच बाई जिवंत होती. साखर पाचशेच्या वर, लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन नसलं की चरबी जळून होणारं आम्ल. पोटावर सुयांच्या जुन्या खुणा होत्या. सगळं बराबर जुळलं.

"हिची इन्सुलिनची सुई कुणी बंद केली?" कल्याण सगळ्या भावकीसमोर कडाडले.

भुजंगचा चेहरा उतरला. "ताप आल्ता. जेवत नव्हती. जेवत न्हाई तं सुई कशाला, म्हणून म्याच..."

"म्याच! अहो, आईला मारायला निघाले होते का?"

सलाईन सुरू झालं, इन्सुलिन सुरू झालं. कृत्रिम श्वासाचं मशीन मात्र लावलं नाही, आणि आल्याबरोबर लावलेला प्राणवायूचा मास्कही काढला, कारण प्राणवायू रक्तात पुरेसा होता. पण मास्क काढलेला भावकीनं पाहिला. म्हातारी धापा टाकते आणि डॉक्टर मास्क काढतो! बाहेर कुजबूज वाढली. भुजंगला त्या कुजबुजीत आधार सापडला. साखरेनं झालं असेल तर खापर त्याच्या डोक्यावर फुटणार होतं, दम्यानं झालं असेल तर कुणाच्याच नाही.

"दमाच हाय," तो ठामपणे म्हणाला. "ह्येच्याकडं मशीन लावत न्हाईत. आमी मोठ्या दवाखान्यात नेऊन राह्यलो."

कल्याणनी समजावलं, मग ओरडून पाहिलं, शेवटी हात जोडले. उपयोग झाला नाही. कागदावर मोठ्या अक्षरात 'मशीन नको' लिहून दिलं. भुजंगनं तो कागद खिशात घातला तो तिथंच राहिला.

पुढचं त्या मोठ्या दवाखान्यातल्या भूलतज्ज्ञानंच फोनवर सांगितलं. नातेवाइकांनी दमा सांगितला, दम दिसत होता, म्हणून गुंगी देऊन घशात नळी टाकली. मशीनवर मिनिटाला चौदा श्वास ठेवले. म्हातारी स्वतः अडतीस घेत होती. कार्बन डायऑक्साइड चढत चढत चाळिसावर आला, अगदी नॉर्मल. त्या नॉर्मल आकड्यानं रक्तातलं आम्ल असं वाढलं की हृदय थांबलं.

गावात मात्र मोठ्या दवाखान्याचं कौतुक झालं: त्या लोकांनी मशीन तरी लावलं, कल्याण डॉक्टरनं उशीर केला. कल्याणनी हे ऐकलं आणि दात खाल्ले. भुजंग भेटला की त्याला काय सुनवायचं, ते वर्षभर मनात घोळवलं. वाक्यं अगदी पाठ झाली होती.

आणि भुजंग आला. एकटा नाही, शाळेत जाणारी मुलगी तृप्ती सोबत होती. तिला साखर निघाली होती, जन्मभर सुई घ्यावी लागणार होती. दुसरीकडं जायची त्याची हिंमत झाली नसावी.

कल्याणनी सुई कशी टोचायची ते दाखवलं आणि ती भुजंगच्या हातात दिली. भुजंग मान खाली घालून बघत होता. मग हळूच म्हणाला, "ताप आला, पोरगी जेवली न्हाई, तं बंद करायची ना?"

"न्हाई. मला फोन करायचा, डोस मी सांगीन. बंद कधीच करायची न्हाई. बंद केली तर आम्ल साठतं, आणि माणूस धापा टाकायला लागतं."

भुजंगच्या हातातली सुई थांबली. त्यानं वर पाहिलं.

"साहेब, आईला दमाच होता ना?"

पाठ केलेली सगळी वाक्यं तोंडाशी आली. शेजारी तृप्ती बापाकडं टक लावून बघत होती. हीच पोर रोज त्याच्या हातून सुई घेणार होती.

"हो," कल्याण म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा चुकीचं निदान केलं. "दमाच होता."