जिजाबाईच्या बोटांची बाटली

राजेगावच्या जिजाबाईला कुणी कमी लेखलेलं खपत नसे. नवरा गेल्यावर मालिशचं तेल काढून तिने बालाघाटच्या बाजारात नाव कमावलं, तेही भांडभांडून. बाटली तिची स्वतःची. ओल्या मातीचा गोळा मुठीत दाबून तिने तो गोंदियाच्या साचेवाल्याला नेऊन दिला, आणि तिच्या चार बोटांचे खळगे बाटलीवर उतरले. वाचता न येणारे लोक दुकानात ‘बोटांची बाटली’च मागत.

आठ वर्षं ते तेल दुकानोदुकानी पोचवलं दिराच्या मुलाने, वीरेंद्रने. खाल्ल्या घरचे वासे मोजून झाल्यावर त्याने स्वतःचं तेल काढलं. तेच खळगे, तेच पिवळं झाकण, मानेला तसाच लाल दोरा, लेबलाची मांडणीही तशीच. नाव तेवढं वेगळं. जिजाबाईने त्याच्याशी बोलणं टाकलं आणि बालाघाटच्या कोर्टात दावा ठोकला.

आकाराची नोंदणी तिने कधी केलीच नव्हती. तिची वकील समीक्षा म्हणाली, “नसली तरी चालते. लोक या रूपावरून तुमचंच तेल ओळखतात अन् त्याच्या बाटलीनं फसतात, हे दाखवायचं. तुम्ही विचारलं तेवढंच सांगा.”

दुकानदार नागसेनची साक्ष नामी झाली. “गिऱ्हाईक नाव वाचतच नाही, साहेब. वीरेंद्रचं तेल नेते अन् मले येऊन भांडते, जिजाबाईचा माल बिघडला म्हणून.” वीरेंद्रचं तोंड उतरलेलं पाहून जिजाबाईला मनातून फार बरं वाटलं.

मग तिची पाळी आली. वीरेंद्रच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, “बाई, हे खळगे नुसते शोभेचेच ना? यात अक्कल ती काय?”

समीक्षाने डोळ्यांनी खुणावलं. पण बाईच्या अंगाची लाही झाली होती.

“शोभेचे काहून असतीन? तेलकट हातातून बाटली निसटते. किती फुटल्या, तवा मी डोकं लावलं. अशी पकड दुसऱ्या कोणत्याच बाटलीले नाही.”

“एवढंच विचारायचं होतं,” म्हणून वकील खाली बसला. जिजाबाईने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि ती ताठ मानेने कठड्यातून उतरली.

निकाल आला. झाकण, दोरा आणि लेबलाची मांडणी मिळून गिऱ्हाईक फसतं, म्हणून वीरेंद्रने ती वापरायची नाही. खळगे मात्र पकडीसाठी आहेत, असं बाई स्वतःच सांगतात. असं काम करणारा आकार एकाच्याच मालाची ओळख म्हणून राखून ठेवता येत नाही. बाई अर्धा दावा जिंकली, आणि तिच्या हाताचं होतं तेवढंच नेमकं गेलं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर वीरेंद्र आडवा आला. “काकी, तो सवाल मीच वकिलाले सांगतला होता. तुह्या अकलेले नाव ठेवलं त तू गप्प राहत नाही, मले मालूम होतं.”

जिजाबाईने चारचौघांत त्याच्या थोबाडीत दिली. त्याने गाल चोळला आणि तिच्यासमोरच गोंदियाला फोन लावला.

“झाकणं हिरवी पाठव. बाटली तीच राहू दे.”