वरचा एक टॉवेल

आमच्या मालकांना मोजून माल देणं कधी जमलंच नाही. सोलापुरात त्यांच्या वडिलांच्या मागावरून कुणी डझनभर चादरी नेल्या की शकुनाची एक वर मिळायची. चिंचोळीच्या कारखान्यातून टॉवेल परदेशी निघाले, तेव्हाही मालकांनी प्रत्येक खोक्यात एक जादा टाकायला लावला. लपवालपवी त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून इनव्हॉइसवर ओळही घातली: जादा टॉवेल, मोफत. नेमकी तेव्हा मी, म्हणजे निर्यातीचे कागद बघणारी, आईच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते.

परतले तोवर जहाज निघालं होतं. इनव्हॉइस वाचून मी लगेच फाइल काढली. खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या लेटर ऑफ क्रेडिटमध्ये, म्हणजे कागद अटींबरहुकूम असले तरच पैसे देण्याच्या हमीपत्रात, टॉवेल नगांवर लिहिलेले होते. तसं असलं की एक नगही कमी-जास्त चालत नाही, आणि न मागितलेली वस्तू फुकट असली तरी इनव्हॉइसवर दिसता कामा नये. बँक माल बघत नाही, कागद बघते. उशिराची तारीख, विम्याची कमी रक्कम, मालाचं चुकलेलं वर्णन, अशा कारणांनी नकार आलेले मी पाहिले होते. औदार्यामुळे पहिल्यांदाच येणार होता.

मी चिडले, आणि मालकांना तोंडावर बोलले. ते म्हणाले, "बापानं वर एक दिल्याबिगर गिऱ्हाईक सोडलं न्हाय. फुकट दिलं, त्यात गुन्हा काय हाय?"

आमच्या बँकेतल्या साहेबांनीही त्याच ओळीवर बोट ठेवलं. ओळ गाळून नवं इनव्हॉइस करू, असं पॅकिंग बघणारा म्हणाला. पण कस्टमच्या कागदांत ती ओळ गेलेली, आणि टॉवेल तर खोक्यांत होतेच. खोटं करायला मालक तयार नव्हते, मीही नव्हते. खरेदीदाराची संमती मागितली, उत्तर नाही. कागद सादर करायची मुदत संपत आली, तेव्हा ते तसेच पाठवले.

व्हायचं तेच झालं. नकार आला, कारण तेवढंच. माल तिकडच्या बंदरात उतरला, तिथलं भाडं चढू लागलं. खरेदीदार 'चालेल' म्हणाला आणि त्याच्या बँकेने ते मानलं, तरच पैसे. कामगारांचा दिवाळीचा बोनस त्यावरच अडकला होता. मालक सुताची उधारी मागणाऱ्या दलालाचा फोन उचलेनात. मला खरोखरच भीती वाटत होती.

शेवटी उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत. बाजार पडलाय, दर उतरवा, संमती देतो. ज्याला फुकट दिलं त्यानंच नरडं धरलं, याचा मला संताप आला. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. मालकांनी मान्य केलं, पैसे आले, बोनस वाटला गेला.

पुढच्या मालाला मी स्वतः मोजायला उभी राहिले. शेवटचं खोकं बंद होताना मालक आले.

"बरोबर हायत?"

"नगाला नग."

त्यांच्या हातात एक टॉवेल होता. सवयीनं आणलेला. खोक्यावर चिकटपट्टी बसली, तरी तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.