ठोकळ्याचं अर्धं काम

लोडशेडिंगच्या त्या वर्षांत विजयदुर्गात मी वायरिंगची कामं करायचो आणि दिवसभर तेच ते समजावून सांगायचो. वीज का गेली, कधी येणार, फ्यूज का उडतो. संध्याकाळपर्यंत तोंड दुखायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

शेजारच्या काकांची एक छोटी मासेमारीची बोट होती. त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर. बंदर लागलं की तो फोन करायचा, आणि त्याला उलट फोन करायचा तर नंबरच नव्हता. त्यानं बापाला नवा मोबाईल पाठवला. तेव्हा मी काकांच्या घरात नवे पॉइंट काढत होतो. काका शिडीखाली उभे राहून चार्जर हातात फिरवत होते.

"ह्यो ठोकळो गरम कित्याक जाता रे?"

मी शिडीवर, घामानं चिंब, हातात स्क्रू. तरी सांगितलं. भिंतीतला करंट भरती-ओहोटीसारखा असतो, आता इकडे, आता तिकडे, सेकंदाला पन्नास फेऱ्या. मोबाईलला मात्र एकाच दिशेचा लागतो. ठोकळा तो सरळ करून देतो, म्हणून तापतो. काकांनी लगेच विचारलं, "आणि बोटीच्या बॅटरीतलो?"

"तो सरळच आसता, काका," मी म्हटलं आणि स्क्रू पिळला.

ठोकळा दुसरंही काम करतो, दोनशे तीस व्होल्टचा दाब पाचाच्या आसपास उतरवतो. ते सांगायला अजून चार वाक्यं लागली असती. मला ती चार वाक्यं जड झाली.

पुढे एका दुपारी काका आले. वीज सकाळपासून गायब. त्यांच्या हातात मोबाईल आणि कापलेली वायर. जळक्या प्लास्टिकचा वास मला दारातच आला.

"आज झिलाचा जहाज बंदरात लागतला. त्याचो फोन येतलो. चार्जिंग संपला म्हणान ठोकळो कापून टाकलंय आणि वायर बोटीच्या बॅटरीक लावलंय. सरळ करंट आसा मां? तूच सांगितलंस."

मी वैतागून ओरडणारच होतो. बॅटरी बारा व्होल्टची, मोबाईलला पाच! पण ओरडायचं कोणावर? करंट सरळ होता, काकांनी प्लस-मायनससुद्धा बरोबर जोडलं होतं. त्यांनी माझं प्रत्येक वाक्य पाळलं होतं. चूक न सांगितलेल्या वाक्यात होती. मला माझीच लाज वाटली, आणि तेवढाच कंटाळाही आला, हे खोटं कशाला बोलू.

मोबाईल उघडला. चार्जिंगची आयसी, म्हणजे नखाएवढी चिप, काळी पडली होती. सिमकार्ड मात्र शाबूत होतं. ते काढून माझ्या मोबाईलमध्ये घातलं, तर त्यातही चार्जिंगची एकच काडी उरली होती. ती संध्याकाळपर्यंत टिकणार नव्हती. बॅटरीही जुनी, चार्ज धरतच नव्हती; वायर काढली की थोड्याच वेळात मोबाईल बंद.

खोक्यात एक तीन पायांचा रेग्युलेटर होता. एका पायाला बॅटरीचे बारा व्होल्ट दिले की दुसऱ्या पायातून पाच निघतात, मधला पाय मायनसचा. उरलेला दाब तो उष्णता करून टाकतो, म्हणून पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी आवळली. सोल्डर करायला वीज कुठे? सोल्डरिंग आयर्नचं टोक घरात गॅसवर तापवलं. माझ्या चार्जरची वायर कापली, जोडली आणि आम्ही धक्क्यावर बोटीत गेलो. आधी मीटर लावला. पाच. मगच मोबाईल जोडला. चार्जिंगची खूण हलायला लागली तशी काका फळीवर बसले.

घाईत बॅटरीचे चिमटे आणायचे राहिले होते. त्यामुळे दोन्ही वायरी टर्मिनलवर बोटांनी दाबून मी वाकून बसलो. वायर आखूड, मोबाईल माझ्या गुडघ्याशी. ऊन उतरलं, कंबर भरून आली. काका मध्येच म्हणायचे, "बाबा रे, तू जा घराक." मी कसा जाणार?

वाजला एकदाचा. काकांनी वाकून, कान माझ्या गुडघ्यापाशी आणून, वायरीसकट मोबाईल कानाला लावला. तब्येत, जेवण, आईचे पाय, सगळं झालं. मग मुलानं बहुतेक मोबाईलबद्दल विचारलं. काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"बरो आसा रे, एकदम बरो. तुज्याच फोनार बोलतंय मां? वायरमनान माका सगळा नीट समजावन दिल्यान."

मला उठून जावंसं वाटलं. पण हात सोडले असते, तर फोन बंद पडला असता.