निळ्या घुबडाचं तिसरं पीस

कंपनीत तिला सगळे 'भिंगवाली' म्हणत, तेही तोंडावर, आणि तिला त्याचा राग येत नसे. राग यायचा तो नकली मालाचा. बावीस वर्षं ती एका खोलीत बसून टी-शर्ट, स्टिकर, मोबाइलची कव्हरं उलटीपालटी करत होती. बाजारातून पकडलेला माल यायचा आणि त्यावरचं चित्र खरंच कंपनीच्या परवान्यानं छापलंय का, ते ही बाई सांगायची. नवरा लग्नानंतर दोनच वर्षांत गेला, मूल झालं नाही, म्हणून भाच्यांच्या वाढदिवसाला खेळणी घेऊन जायची आणि तिथेही खेळण्याचं खोकं उलटं करून खालची परवान्याची ओळ वाचायची. बहीण म्हणायची, "अगं, इथे तरी तुझा चष्मा काढ की!"

त्या दुपारी फौजदार आला तो माल घेऊन नाही. मोहोरबंद पिशवीत मोबाइलचं एकच कव्हर होतं, कंपनीच्या कार्टूनमधल्या निळ्या घुबडाचं, चिखलानं डागाळलेलं. त्याच्यामागून एक जोडपं आत आलं. कालव्यात एका मुलीचं प्रेत सापडलं होतं. ओळख पटण्याजोगं काही उरलं नव्हतं, खिशात फक्त हे कव्हर लावलेला, पाण्यानं निकामी झालेला फोन होता. यांची सोळा वर्षांची पोर पाच आठवड्यांपासून बेपत्ता होती आणि तिच्याकडेही हेच घुबड होतं. डीएनए तपासणीचा अहवाल यायला वेळ लागणार होता.

"वडील म्हणतात, तिचं ओरिजिनल होतं," फौजदार म्हणाला. "हे तसं आहे का, एवढं सांगा."

"मोठ्या दुकानातून घेतलं होतं मी," बाप म्हणाला. आई पर्सचा पट्टा घट्ट धरून बसली.

भिंगवालीनं पिशवी उघडायला सांगितली, हातमोजे घातले, कव्हर उलटं केलं. आतल्या बाजूला परवानाधारकाचं नाव आणि परवाना क्रमांक असायला हवा होता, तो नव्हता. नुसतं तेवढ्यावरून ती निकाल देत नसे, कारण कधीकधी ती ओळ फक्त वेष्टनावर असते. म्हणून तिनं चित्र पाहिलं. पंखाखाली कॉपीराइटचा वर्तुळातला 'सी', वर्ष आणि मालकाचं नाव हवं, तिथे वर्तुळातला 'आर' होता आणि पुढे अर्थ नसलेली चार अक्षरं. कंपनीच्या चित्रपुस्तिकेत घुबडाचं डोकं अंगाच्या निम्मं असतं. इथे ते भोपळ्यासारखं फुगलं होतं. बाह्यरेषाही एकसारख्या जाडीची नव्हती.

"नकली आहे," ती म्हणाली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हा शब्द उच्चारताना तिला हलकं वाटलं. "तुमच्या मुलीचं ओरिजिनल असेल तर हे तिचं नाही."

फौजदारानं सुस्कारा सोडला. बापाच्या चेहऱ्यावर मात्र काळोखी पसरली.

"बाई," तो खाली बघत म्हणाला, "मी खोटं बोललो. फुटपाथवरून घेतलं होतं. ती हट्ट धरून बसली होती, म्हटलं पोरीला काय कळतंय. घरात सगळ्यांना सांगितलं, ओरिजिनल आहे."

असल्या बापांना भिंगवालीनं मनातल्या मनात किती वेळा झोडपलं होतं! तरी घाईनं म्हणाली, "असली नकली कव्हरं हजारोंनी विकली जातात, दादा. यानं काही सिद्ध होत नाही."

तेव्हा आई बोलली. आवाज अगदी साधा होता, दुकानात वाणसामान विचारावं तसा.

"शेपटीला पिसं किती आहेत?"

"खऱ्याला दोन असतात."

"याला?"

भिंगवालीनं पाहिलं. दोनच होती. तिलाही ते विचित्र वाटलं, बाकी सगळं चुकलेलं आणि पिसं बरोबर. तिनं दिवा आडवा धरला, भिंग टेकवलं. शेपटीच्या कडेला निळ्या रंगाचा जाड थर होता, छापलेला नव्हे, ब्रशनं दिलेला. त्याखाली तिसऱ्या पिसाची कड उठून दिसत होती.

"नेलपॉलिश आहे का?" आईनं विचारलं.

खोटं सांगणं भिंगवालीच्या हातात होतं. 'नाही' म्हटलं असतं तर घरी आणखी काही दिवस दार उघडं राहिलं असतं. पण फौजदार समोर होता, आणि ही माणसं खरं ऐकायला आली होती.

"हो," ती म्हणाली. "निळी."

बाप उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. "तिला कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी," आई म्हणाली. "मैत्रिणीच्या ओरिजिनल कव्हरशी ताडून पाहिलं होतं तिनं. मग माझी बाटली घेऊन बसली. म्हणाली, बाबांना सांगू नकोस हं, त्यांना वाईट वाटेल."