कापलेला रकाना

दिनकर खाडे यांचा कागद कधी ए-फोरच्या बाहेर गेला नाही. फौजेत वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. आता फरीदाबादला राजवीर सिंगच्या फोर्जिंग वर्कशॉपात हिशेब बघत होते, त्यालाही चौदा वर्षं झाली. माण तालुक्यातनं आले ते बोलीसकट आले. दिल्लीकडच्या मराठी लोकांत "मी येतोय" म्हणायची चाल. हे "म्या येतू" म्हणणार, आणि कुणी हसलं तर पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं म्हणणार.

वर्कशॉपचं बँकेत कॅश क्रेडिट खातं. म्हणजे कर्जाचंच खातं: लागतील तसे पैसे उचलायचे, गिऱ्हाइकाचे आले की तेवढं कर्ज खाली, आणि रोजच्या उरलेल्या कर्जावर दहा टक्क्यांनी व्याज. महिनाअखेर बँक व्याज लावी, त्याच्या आदल्या दिवशी दिनकरराव वहीत हातानं तेच व्याज काढत. रुपयाचा फरक पडला तर ह्यांना झोप नाही.

बँकेचं स्टेटमेंट संगणकावर उतरवलं की त्यात तारखांचे दोन रकाने येत. एक ट्रान्झॅक्शन डेट, दुसरी व्हॅल्यू डेट. दोन्हीकडं बहुतेक एकच तारीख. दुसऱ्या रकान्यामुळं कागद रुंद होई, आकडे पुढच्या पानावर सांडत. म्हणून दिनकरराव छापायच्या आधी तो रकानाच काढून टाकत. चौदा वर्षं. रिकामटेकड्या माणसाला घराबाहेर काढावं, तसा.

जुलैत एक चेक अडकला. सात लाख तीस हजारांचा. तीन तारखेला भरला. गिऱ्हाइकाचा फोन आला, "चार तारखेला आमच्या खात्यातनं पैसे गेले." इकडं खात्यात काही नाही. पाच गेली, सात गेली. दहा तारखेला एकदाचे जमा झाले. सहा दिवस! सात लाख तीस हजारावर दहा टक्क्यांनी दिवसाचे दोनशे रुपये. सहा दिवसांचे बाराशे.

त्याच दुपारी दिनकरराव बँकेत. कर्जाच्या टेबलावर कृतिका नावाची पोरगी बसायची. नोकरीला वर्ष होत आलेलं, अजून कायम झाली नव्हती. बाप मूळचा वर्ध्याकडला, हिचं सगळं आयुष्य सरोजिनी नगरात गेलेलं. ह्यांना बघून ती नेहमी उठून बोलायची.

"या ना अंकल. तुमची एंट्री आजच मी—"

"आज? आणि सहा दिवस काय पुजायला ठिवला हुता चेक?"

"अच्छा, तसं नाही. तुम्ही व्हॅल्यू डेट बघा, ती चार—"

"डेट-बिट मला शिकवू नगं! तुझ्या जल्माआधी म्या रजिस्टरं लिवलीत. टेबलात चेक दाबायचा, फोनवर ख्याळत बसायचं, आन् व्याज आमच्या बोकांडी!"

मराठी कळणारं तिथं कुणी नव्हतं, पण आवाज सगळ्यांना कळत होता. टोकन घेऊन बसलेली माणसं वळून बघायला लागली. पोरगी खाली मान घालून म्हणाली, "अंकल, आतमध्ये बसून बोलू या का?" ह्यांना वाटलं, चोरी सापडली म्हणून आत नेतेय. परत येऊन त्यांनी थेट विभागीय कार्यालयाला तक्रार धाडली. शब्द तोलून-मापून: 'सदर अधिकाऱ्याने चेक सहा दिवस जाणूनबुजून दाबून ठेवला व आमचे बाराशे रुपयांचे नुकसान केले.'

राजवीर म्हणाला, "खाडेजी, बारह सौ के लिए इतना?" दिनकररावांना त्याचीच कीव आली.

एकतीस तारखेला व्याज लागलं. दिनकररावांनी वही उघडली. बँकेचं व्याज कमी. किती? बरोब्बर बाराशेनं.

आधी हसले. "भ्याली," म्हणाले. मग हसू गेलं. बँक भिऊन व्याज सोडत असती तर गोष्ट वेगळी. त्यांनी पुन्हा बेरीज केली, पुन्हा तेच. मग स्टेटमेंट नव्यानं उतरवलं आणि ह्यावेळी रकाना काढला नाही. कागद बाहेर सांडला तर सांडू दिला.

दहा जुलैची ओळ. ट्रान्झॅक्शन डेट: दहा. व्हॅल्यू डेट: चार.

एंट्री लिहिली दहाला, पण पैसा धरला चारपासनं. बँक व्याज काढते ते पैसा ज्या दिवसापासनं धरला त्या शिलकेवर, एंट्री कुठल्या दिवशी लिहिली त्यावर नाही. सहा दिवसांचं व्याज कुणी खाल्लंच नव्हतं. पोरगी सांगत होती ते हेच. वाक्य पुरं करू दिलं असतं तर तेवढ्यात मिटलं असतं.

घरी जेवताना घास फिरेना. बायको द्वारका म्हणाली, "भाजी खारट झालीय का?"

"न्हाय. म्या झालोय," असं म्हणून ते उठले.

सकाळी बँकेत गेले. कर्जाच्या टेबलावर दुसराच पोरगा. कृतिका पासबुकाच्या खिडकीत. ह्यांना बघून ती उठली नाही.

"पोरी, चुकलं माझं. म्या त्यो रकाना बघितलाच न्हाय. पर मग सहा दिस पैसं हुतं कुठं?"

तिनं खणातनं एक झेरॉक्स काढून पुढं सरकवली. चेक भरायची चिठ्ठी. अक्षर दिनकररावांचं, ठसठशीत. खाते नंबरात शेवटून तिसऱ्या जागी आठ हवा, तिथं तीन.

"तो नंबर दुसऱ्या कोणाचा होता. नाव मॅच होईना, म्हणून पैसे बँकेच्या बेवारस पैशांच्या खात्यात पडले. दहा तारखेला मला ते यादीत दिसले. चिठ्ठी शोधली. तुमचं नुकसान नको म्हणून चार तारखेची व्हॅल्यू देऊन जमा केले, मॅनेजर सरांची सही घेऊन."

"त्या दिशी का न्हाय दावलीस ही?"

"सगळे बघत होते ना, अंकल. म्हणून तर आत बसू म्हटलं."

दिनकररावांचे कान तापले. चिठ्ठीवरचा तो तीन त्यांना पाठीवर डागल्यासारखा वाटला. त्यांनी उभ्याउभ्या तक्रार मागे घेतल्याचं पत्र लिहिलं: चूक माझी, नंबर मी चुकीचा लिहिला, या मुलीनं ती निस्तरली. मॅनेजरकडं नेऊन दिलं.

मॅनेजर म्हणाला, तक्रार बंद होईल. पण तिच्या बरोबरचे कालच कायम झाले. तक्रार उघडी होती म्हणून हिचं नाव राहिलं. आता पुढची यादी तीन महिन्यांनी.

"साहब, इसको भी पीछे की तारीख नहीं लगेगी?"

"पैसे को लगती है, खाडेजी."

दिनकरराव बाहेर आले. पोरीजवळ थांबायचं धाडस झालं नाही. खिडकीसमोरून गेले ते मान खाली घालून, त्या दिवशी तिनं घातली होती तशी.

आता त्यांचे कागद आडवे छापलेले असतात, दोन्ही तारखांसकट. दर आठवड्याला चेक भरायला ते पासबुकाच्या खिडकीवरच जातात, तिथं रांग मोठी असली तरी. कृतिका चिठ्ठी घेते, वर बघत नाही, आणि म्हणते, "नंबर वाचा, अंकल."

मागं दहा-बारा माणसं उभी असतात. दिनकरराव खाकरतात आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचतात. आठाशी आवाज जरा बसतो.